गिरणीतली सोळा किलो नाणी आणि बँकेची खिडकी

ठाणे पूर्वेला कोपरीत आमच्या इमारतीच्या मागच्या गल्लीत एक पिठाची गिरणी आहे. दोन किलो ज्वारी, तीन किलो गहू असे दळण रोज येते. बरेच जण आता मोबाइलवरून पैसे देतात, तरी म्हातारी माणसे आणि दळण घेऊन येणारी मुले मुठीतली चिल्लरच पुढे करतात. गिरणीवाल्यांनी ही चिल्लर आठ महिने तेलाच्या रिकाम्या डब्यात साठवली आणि डबे भरले तेव्हा ती तीन पिशव्यांत ओतून, रिक्षा करून, ज्या बँकेत त्यांचे चालू खाते आहे तिथे नेली. दिवस सोमवारचा होता आणि वेळ सकाळी अकराची. खिडकीवरच्या रोखपालाने पिशव्यांकडे एकदा पाहिले आणि म्हणाला, “एवढी चिल्लर आम्ही घेत नाही.” गिरणीवाले तिन्ही पिशव्या घेऊन परत आले आणि संध्याकाळी माझ्या दारात उभे राहिले, कारण माझी एकतीस वर्षे रोखपालाच्या खिडकीमागे गेली आहेत हे गल्लीत सर्वांना ठाऊक आहे.

त्यांचा प्रश्न सरळ होता. पैसे सरकारनेच पाडलेले आहेत, मग बँक ते नाकारते कशी? याचे उत्तर मात्र एका वाक्यात संपत नाही, कारण येथे दोन वेगवेगळे नियम एकमेकांशेजारी उभे आहेत. दुकानदार त्यांतला एक ऐकून असतो आणि रोखपाल दुसरा.

पहिला नियम नाणेविषयक कायद्याचा. २०११ च्या या कायद्याच्या सहाव्या कलमानुसार एक रुपया किंवा त्याहून मोठ्या मूल्याची नाणी १,००० रुपयांपर्यंतच्या रकमेसाठी वैध चलन आहेत, तर पन्नास पैशांचे नाणे केवळ १० रुपयांपर्यंत. याचा व्यवहारातला अर्थ असा, की तुम्ही कोणाचे २०,००० रुपये देणे लागत असाल आणि सगळी रक्कम नाण्यांत मोजू लागलात, तर १,००० रुपयांपलीकडची नाणी घेण्याची सक्ती समोरच्यावर करता येत नाही. नोटांना अशी मर्यादा नाही. नाणे हे मुळात सुट्यासाठी आहे, मोठ्या देण्यासाठी नाही, असा विचार या कलमामागे आहे. काही शाखांमध्ये “दिवसाला एक हजाराचीच नाणी” असे जे सांगितले जाते, त्याचे मूळ बहुधा याच आकड्यात असते.

दुसरा नियम रिझर्व्ह बँकेचा. नोटा आणि नाणी बदलून देण्याच्या सुविधेविषयी तिने बँकांना वेळोवेळी ज्या सूचना दिल्या आहेत, त्यांत कोणत्याही शाखेने कमी मूल्याची नाणी किंवा नोटा नाकारू नयेत असे स्पष्ट म्हटले आहे, मग ती खात्यात भरायची असोत किंवा त्यांच्या बदल्यात नोटा हव्या असोत. खात्यात किती रकमेची नाणी भरावीत याला रिझर्व्ह बँकेने वरची मर्यादा घातलेली नाही. बँका ग्राहकाकडून कितीही रकमेची नाणी स्वीकारण्यास मोकळ्या आहेत, अशी तिची भूमिका आहे.

हे दोन नियम एकत्र वाचले तर चित्र बरेच स्वच्छ होते. “नाणी घेतच नाही” हे उत्तर कोणत्याही शाखेला शोभणारे नाही. हजार रुपयांपर्यंत तर ते टिकणारही नाही. हजारांच्या वर मात्र “मोकळ्या आहेत” या शब्दांत थोडी जागा आहे. शाखा जास्त रक्कम घेऊ शकते, घ्यावी अशी अपेक्षाही आहे, परंतु ती किती, कोणत्या वेळी आणि कशा बांधलेल्या स्वरूपात घ्यायची हे ठरवताना शाखेच्या सोयीचा विचार होणे स्वाभाविक आहे. गिरणीवाल्यांना मी त्या संध्याकाळी एवढेच सांगितले, की रोखपालाचे शब्द चुकीचे होते, पण सोमवारी अकरा वाजता तीन पिशव्या खिडकीवर ठेवणे हेही काही फार बरोबर नव्हते.

रोखपाल नाण्यांना का बिचकतो हे मी खिडकीच्या आतल्या बाजूने सांगू शकतो. नोटा मोजायला यंत्र असते. नाणी मोजण्याचे यंत्र बहुतेक साध्या शाखांत नसते, आणि बाहेर बसवलेले रोख भरण्याचे यंत्र फक्त नोटाच गिळते. त्यामुळे नाणी हाताने, टेबलावर दहा-दहांच्या चळती लावून मोजावी लागतात. मिसळलेली तीन-साडेतीन हजार नाणी आधी निवडायची आणि मग मोजायची तर एका माणसाचे दोन तास सहज जातात, आणि त्या दोन तासांत रांगेतल्या बाकीच्यांचे काय करायचे हा प्रश्न त्याच्यापुढे असतो. शिवाय दिवसअखेर हिशेब रुपयाला रुपया जुळला पाहिजे. मोजण्यात चूक झाली तर कमी पडलेली रक्कम त्याच्याच खिशातून जाते.

त्याहून मोठी अडचण नंतरची आहे. ग्राहकाकडून आलेली शंभराची नोट शाखा दुसऱ्या दिवशी दुसऱ्या ग्राहकाला देते. एक रुपयाची हजार नाणी मात्र खिडकीवर कोणी मागत नाही. ती तिजोरीच्या कोपऱ्यात पोत्यांत पडून राहतात, जागा अडवतात आणि त्यांच्यावर बँकेला एक पैसाही व्याज मिळत नाही. यालाही वाट मात्र ठरवून दिलेली आहे. शाखेत साठलेली नाणी करन्सी चेस्ट असलेल्या शाखेकडे, म्हणजे त्या भागातील रिझर्व्ह बँकेच्या वतीने रोकड सांभाळणाऱ्या मोठ्या तिजोरीकडे पाठवता येतात. तेथून ती पुन्हा व्यवहारात आणायची असतात, आणि तेथेही जागा उरली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या निर्गम विभागाशी बोलायचे असते. म्हणून “आमच्याकडे ठेवायला जागा नाही” हे कारण खरे असले तरी पुरेसे नाही. ती बँकेची आतली व्यवस्था आहे आणि तिचा भार ग्राहकावर टाकता येत नाही.

आता तयारीचा भाग. रिझर्व्ह बँकेच्या सूचनांमध्ये नाणी स्वीकारण्याच्या दोन पद्धतींचा उल्लेख आहे. एक, विशेषतः एक आणि दोन रुपयांची नाणी वजन करून घेणे. दुसरी, शंभर-शंभर नाणी प्लास्टिकच्या छोट्या पिशव्यांत बांधून घेणे, आणि ही दुसरी पद्धत रोखपाल व ग्राहक दोघांनाही अधिक सोयीची ठरेल असेही तेथे म्हटले आहे. अशा पिशव्या शाखेने खिडकीवर उपलब्ध ठेवाव्यात आणि तशी सूचना शाखेत लावावी, ही अपेक्षाही त्यातच आहे. प्रत्यक्षात पिशव्या मागाव्या लागतात. मिळाल्या नाहीत तर किराणा दुकानात सुकामेवा बांधायला वापरतात त्या पिशव्या पुरतात.

आम्ही रविवारी दुपारी गिरणी बंद असताना जमिनीवर जुनी चादर पसरून तिन्ही पिशव्या ओतल्या. गिरणीतल्या नाण्यांची एक खास तऱ्हा मी तेव्हा पहिल्यांदा पाहिली. हाताच्या घामाने ओलसर झालेल्या नाण्यांवर पीठ बसून त्याची राखी रंगाची पातळ पुटे तयार झाली होती आणि त्यामुळे दोन-दोन, तीन-तीन नाणी एकमेकांना चिकटली होती. वरवर मोजले तर अशी जोडी एकच नाणे म्हणून जाते. त्यांच्या घरच्या वहिनींनी सगळी नाणी बादलीत कोमट पाण्यात थोडा साबण घालून घुसळली आणि फडक्यावर सुकवली. हे काम टाळू नये, कारण चिकट नाणी पाहून रोखपालाचा हात आधीच आखडतो. मात्र लिंबू, चिंच किंवा आम्ल लावून ती चकचकीत करण्याच्या फंदात पडू नये. त्याची गरज नसते, आणि घासून-खरवडून रूप बदललेल्या नाण्याबद्दल विनाकारण शंका उभी राहते.

सुकल्यावर निवड केली. एक रुपयाची १,७४२ नाणी निघाली, दोन रुपयांची ८६३, पाच रुपयांची ६१८, दहाची १८७, वीसची ११ आणि पन्नास पैशांची ३४. एकूण ३,४५५ नाणी आणि ८,६६५ रुपये. गिरणीच्याच तराजूवर वजन साधारण सोळा किलो भरले. आठ महिन्यांची चिल्लर नऊ हजारांच्याही आत आहे हे पाहून गिरणीवाले थोडे हिरमुसले. पिशव्या उचलताना त्यांना ती वीस-पंचवीस हजारांची वाटली होती.

बाजूला जे निघाले तेही सांगितले पाहिजे. पंचवीस पैशांची नऊ नाणी आणि वीस पैशांची दोन. पंचवीस पैसे व त्याखालची नाणी ३० जून २०११ पासून चलनातून बाद आहेत, त्यामुळे ती कोणतीही शाखा भरण्यात घेणार नाही आणि न घेणे बरोबरच आहे. दोन नाणी परदेशी होती. तीन नाणी वाकलेली आणि एका बाजूने कापल्यासारखी दिसत होती. कायद्यात नाणे वैध राहण्यासाठी ते विद्रूप केलेले नसावे आणि त्याचे वजन ठरावीक मर्यादेपेक्षा घटलेले नसावे अशी अट आहे, म्हणून तीही आम्ही बाजूला ठेवली. पन्नास पैशांचे नाणे मात्र आजही वैध आहे, कोणी घेत नसले तरी.

दहा रुपयांच्या नाण्यांविषयी गिरणीवाल्यांच्या मनात निराळीच भीती होती. काही नाण्यांवर रुपयाचे चिन्ह आहे, काहींवर नाही, आणि चिन्ह नसलेली खोटी असतात असे त्यांना कोणीतरी सांगितले होते. रुपयाचे चिन्ह २०११ पासून नाण्यांवर आले, त्यामुळे त्याआधी पाडलेल्या नाण्यांवर ते असण्याचा प्रश्नच नाही. ही अफवा इतकी पसरली की जानेवारी २०१८ मध्ये रिझर्व्ह बँकेला निवेदन काढून तोवर निघालेल्या दहा रुपयांच्या नाण्यांचे चौदा नमुने आहेत आणि ते सर्व वैध आहेत, असे सांगावे लागले. त्यानंतर आणखी नमुने आले. त्यामुळे चित्र वेगळे आहे एवढ्यावरून नाणे नाकारण्यात अर्थ नाही.

वजनाच्या पद्धतीपाशी थोडे थांबायला हवे, कारण ऐकायला ती सर्वांत सोपी वाटते आणि फसवतेही तीच. शंभर नाण्यांचे वजन माहीत असले की प्रत्येक पिशवी तराजूवर टाकून काम झाले, असे कोणालाही वाटेल. पण एक रुपयाचे नाणे एकच नाही. १९९२ नंतर बरीच वर्षे जे पोलादी एक रुपयाचे नाणे पाडले गेले ते २५ मिलिमीटर व्यासाचे आणि ४.८५ ग्रॅम वजनाचे होते. २०११ मध्ये आलेले नाणे लहान झाले आणि त्याचे वजन ३.७९ ग्रॅम झाले. २०१९ च्या मालिकेत ते आणखी लहान, २० मिलिमीटरचे आणि ३.०९ ग्रॅमचे झाले. म्हणजे शंभर रुपयांची पिशवी कोणत्या नाण्यांनी भरली आहे त्यानुसार ३०९ ग्रॅमही भरेल आणि ४८५ ग्रॅमही. आमच्या ढिगात तिन्ही प्रकार होते. असा मिश्र ढीग वजनावर मोजणे म्हणजे अंदाजाने मोजणे.

याहून मोठी गंमत दोन रुपयांच्या नाण्यात आहे. २०११ च्या मालिकेतले दोन रुपयांचे नाणे २५ मिलिमीटर व्यासाचे आणि ४.८५ ग्रॅमचे आहे, म्हणजे आकाराने आणि वजनाने तंतोतंत जुन्या एक रुपयाएवढे, आणि धातूही तसाच पांढरा पोलादी. हे नाणे नवे आले तेव्हा बाजारात किती भांडणे झाली ते अनेकांना आठवत असेल. मोजणीत याचा परिणाम असा होतो, की दोन रुपयांच्या पिशवीत जुना एक रुपया शिरला तर तराजू काहीच बोलत नाही. आकड्याकडे नीट पाहणे हाच उपाय. जुन्या एक रुपयावर उंचावलेल्या अंगठ्याची मुद्रा असलेला एक नमुना आहे, तो चटकन ओळखू येतो. बाकीच्यांत अंक वाचावाच लागतो.

म्हणून आम्ही वजनाचा नाद सोडला आणि शंभर-शंभरच्या पिशव्या केल्या. एक रुपयाच्या सतरा, दोनच्या आठ, पाचच्या सहा आणि दहाची एक, अशा बत्तीस पिशव्यांत ७,३०० रुपये बसले. प्रत्येक पिशवीत एका मूल्याचीच नाणी, आणि कागदाच्या चिठ्ठीवर मूल्य, संख्या, रक्कम. पिशवीचे तोंड स्टेपल न करता रबराने बांधले, कारण रोखपाल दोन-तीन पिशव्या उघडून पाहणारच आणि त्या त्याला सहज उघडता आल्या पाहिजेत. अपुऱ्या राहिलेल्या शंभरीची नाणी, वीसची आणि पन्नास पैशांची मिळून १,३६५ रुपये आम्ही बँकेत नेलेच नाहीत. दहा आणि वीसची नाणी दुकानाच्या गल्ल्यात सुट्यासाठी हवीच असतात. ती बँकेत भरून पुन्हा सुटे मागायला जाणे हा उलटा उद्योग आहे.

मग पैसे घेऊन जाण्याआधी नुसतेच बोलायला गेलो. हे पाऊल बहुतेक जण गाळतात, आणि माझ्या मते सगळ्यात जास्त फरक त्यानेच पडतो. महिन्याच्या पहिल्या दहा दिवसांत पेन्शन घेणाऱ्यांची गर्दी असते, सोमवारी दोन दिवसांचा भरणा येतो, दुसरा आणि चौथा शनिवार बँका बंद असतात. हे टाळून आम्ही महिन्याच्या मध्यावर दुपारी तीनच्या सुमारास गेलो आणि खिडकीवर न थांबता रोकड विभागाच्या अधिकाऱ्यांना भेटलो. गिरणीवाल्यांनी आमच्या कागदावरची यादी पुढे ठेवली आणि विचारले, “साहेब, नाणी मोजून शंभरांच्या पिशव्या केल्या आहेत. एकाच दिवशी घ्या असे आमचे म्हणणे नाही. तुम्हाला कधी आणि किती सोयीचे होईल?”

अधिकाऱ्यांनी आधी हजारांची मर्यादा सांगितली. मी म्हणालो, की ती मर्यादा देण्या-घेण्यासाठी आहे, भरण्याला रिझर्व्ह बँकेने मर्यादा घातलेली नाही, आणि रोज हजारच घ्यायचे म्हटले तर आम्ही आठ वेळा रांगेत उभे राहू आणि तुमच्या रोखपालाला आठ वेळा थांबावे लागेल. त्यांनी यादी पुन्हा पाहिली. शेवटी मंगळवार आणि गुरुवार, दुपारी, प्रत्येक वेळी आठ पिशव्या असे ठरले. बत्तीस पिशव्या, चार फेऱ्या. रकमेऐवजी पिशव्यांच्या संख्येवर मर्यादा ठेवली हे मला फार योग्य वाटले, कारण रोखपालाचे श्रम रुपयांवर ठरत नाहीत, नाण्यांच्या संख्येवर ठरतात. पाचची शंभर नाणी मोजायला जेवढा वेळ लागतो तेवढाच एकची शंभर मोजायला लागतो.

त्याच भेटीत शुल्काचे विचारून घेतले. चालू खात्यात महिन्याला ठरावीक रकमेपर्यंत रोख भरणा विनाशुल्क आणि त्यापुढे शुल्क अशी बहुतेक बँकांची रीत आहे, आणि काही बँका नाण्यांसाठी स्वतंत्र दर लावतात. हे दर प्रत्येक बँकेचे वेगळे असतात आणि सेवाशुल्काच्या तक्त्यात छापलेले असतात, म्हणून तोंडी उत्तरावर न थांबता तक्ताच मागावा. उदाहरण म्हणून समजा, दर दोन टक्के असता, तर ७,३०० रुपयांवर १४६ रुपये आणि त्यावर अठरा टक्के जीएसटीचे २६ रुपये २८ पैसे, म्हणजे १७२ रुपयांहून थोडे अधिक गेले असते. गिरणीवाल्यांच्या खात्यात महिन्याचा भरणा विनाशुल्क मर्यादेत बसत होता आणि नाण्यांना वेगळा दर नव्हता, त्यामुळे काही द्यावे लागले नाही. तक्त्यात नसलेले शुल्क कोणी तोंडी सांगितले, तर ते लेखी मागावे.

पहिल्या मंगळवारी पाचच्या सहा, दहाची एक आणि एक रुपयाची एक पिशवी नेली. रक्कम ४,१०० रुपये. मोठ्या मूल्याची नाणी आधी नेण्याचे कारण एवढेच, की मधेच काही बिनसले तरी बरीचशी रक्कम खात्यात गेलेली असावी. भरण्याच्या स्लिपवर नाण्यांसाठी एकच ओळ असते, म्हणून मागच्या बाजूला मूल्यानुसार तपशील लिहिला. रोखपाल तोच होता. त्याने तीन पिशव्या उघडून मोजल्या, बाकीच्या हातात तोलून पाहिल्या, आणि पंधरा मिनिटांत शिक्का मारलेली पावती दिली.

गुरुवारी दोन रुपयांच्या आठही पिशव्या होत्या, आणि तेथे आमचे पितळ उघडे पडले. रोखपालाने एक पिशवी उघडून चळती लावल्या आणि चार नाणी वेगळी काढून काचेखालून बाहेर सरकवली. चारही जुने एक रुपये होते. निवडताना माझ्याच हातून ते सुटले असणार, कारण दोनच्या ढिगाची शेवटची फेरी मी चष्म्याशिवाय केली होती. मग त्याने उरलेल्या सातही पिशव्या उघडल्या, आणि त्यात त्याचे काही चुकले नाही. आणखी काही सापडले नाही. गिरणीवाल्यांनी खिशातून दोनची चार नाणी काढून दिली, शंभरी पुरी झाली आणि स्लिपवरचे १,६०० तसेच राहिले. ती नाणी खिशात नसती, तर ती चार नाणी सोडून १,५९२ भरायला हवे होते, म्हणजे ९६ नाण्यांची पिशवी उघडी राहिली असती आणि स्लिप नवी लिहावी लागली असती. चुकलेल्या स्लिपवर खाडाखोड करू नये.

येथे एक गोष्ट बजावून सांगतो. “पिशव्या ठेवून जा, आम्ही सवडीने मोजू आणि जमा करू” असे कोणी सुचवले तर ते सोयीचे वाटते, पण मोजणी तुमच्यासमोर झाली पाहिजे. नंतर कमी निघालेले चार रुपये पिशवीत कमी होते की टेबलाखाली पडले हे कोणालाही सिद्ध करता येत नाही. माझ्या नोकरीत असे वाद मी पाहिले आहेत, आणि त्यांत चांगल्या रोखपालाचेही नाव खराब होते.

पुढच्या आठवड्यात दोन्ही दिवशी एक रुपयाच्या आठ-आठ पिशव्या, ८०० आणि ८०० रुपये. एकूण ७,३०० जमा झाले.

समजा, अधिकाऱ्यांनी त्या दिवशी नकारच दिला असता, तर काय करायचे? आधी शाखा व्यवस्थापकांच्या नावे साधे पत्र द्यावे, त्यात नाण्यांचा तपशील, पिशव्यांची संख्या, नकार मिळाल्याची तारीख लिहावी आणि प्रतीवर शाखेची पोच घ्यावी. पत्र देण्याने अर्ध्याहून अधिक प्रकरणे तेथेच मिटतात असा माझा अनुभव आहे, कारण लेखी नकार द्यायला कोणी धजत नाही. तरी मिटले नाही, तर बँकेच्या तक्रार कक्षाकडे जावे. ३० दिवसांत उत्तर आले नाही किंवा आलेले उत्तर पटले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे cms.rbi.org.in या संकेतस्थळावर विनाशुल्क तक्रार करता येते. २००६ च्या बँकिंग लोकपाल योजनेत तक्रारीच्या कारणांमध्ये पुरेशा कारणाशिवाय नाणी न स्वीकारणे हे शब्दशः लिहिलेले होते. २०२१ मध्ये आलेल्या एकात्मिक योजनेत ही लांब यादी जाऊन सेवेतील त्रुटी असा एकच व्यापक आधार आला, पण नाण्यांचा नकार त्यातही बसतो. “पुरेशा कारणाशिवाय” हे जुने शब्द मात्र लक्षात ठेवण्यासारखे आहेत. मिसळलेली, न मोजलेली, पिठाने चिकटलेली सोळा किलो नाणी गर्दीच्या वेळी एकदम पुढे केली, तर शाखेला कारण आयते मिळते. मोजून बांधलेल्या आठ पिशव्या ठरलेल्या वेळी नेल्या, तर ते उरत नाही.

गिरणीत आता तेलाच्या डब्याऐवजी चार प्लास्टिकच्या बरण्या आहेत, प्रत्येक मूल्याची एक. रात्री गिरणी बंद करताना दिवसाची चिल्लर त्यांत पडते, आणि एखाद्या बरणीत शंभर नाणी झाली की लगेच पिशवी बांधली जाते. साध्या हिशेबाने महिन्याला चार-पाच पिशव्या होतात, त्या नेहमीच्या नोटांच्या भरण्याबरोबर जातात आणि त्यासाठी कोणाला आधी भेटावे लागत नाही. पंचवीस पैशांची ती नऊ नाणी वहिनींनी देव्हाऱ्याच्या खणात ठेवली आहेत.